वरची सळई खाली गेली

29 फेब्रुवारी 2024, कराड

पहिल्या मजल्याच्या स्लॅबला भेगा पडल्यात, म्हणून मालकांचा फोन. इमारत कचेऱ्यांसाठीची, तीन स्लॅबची. दोन भरून झालेत. साइटवर पोचलो तेव्हा चार माणसं चार कारणं घेऊन उभी होती. मालक म्हणाले सिमेंट हलकं वापरलं. ठेकेदार म्हणाले, "अहो, श्रिंकेजच्या भेगा आहेत, प्रत्येक स्लॅबला असतात." आर्किटेक्टना वाटतं सेंट्रिंग लवकर काढलं. मुकादम म्हणाला, पाणी कमी मारलं असंल.

सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्लॅब झाडून घ्यायला सांगितला. भेग बघायची तर आधी पृष्ठभाग स्वच्छ हवा. मग पाणी शिंपडून थोडं थांबायचं. पृष्ठभाग सुकतो, भेगेतलं पाणी मागं राहतं, आणि नकाशा आपोआप उमटतो.

जे उमटलं ते श्रिंकेजच्या भेगांसारखं दिसत नव्हतं. काँक्रीट ओलं असताना वाऱ्या-उन्हानं पडणाऱ्या भेगा तिरप्या-तारप्या, आखूड आणि बीम कुठे आहे याची पर्वा न करणाऱ्या असतात. इथल्या भेगा सरळ होत्या, प्रत्येक मधल्या बीमच्या कडेला समांतर धावणाऱ्या, आणि फक्त वरून दिसणाऱ्या. खाली जाऊन त्याच जागी छत बघितलं तर कोरं. मात्र दक्षिणेकडच्या गाळ्यांत छताच्या मध्यावर केसासारख्या रेघा होत्या. त्याही वहीत टिपल्या. का, ते पुढे येईल.

सगळ्यात रुंद भेग कार्डानं मोजली: 0.9 मिमी. आयएस 456 साधारण परिस्थितीत 0.3 मिमीपर्यंत चालवून घेतं.

2 मार्च

आज नुसते कागद. स्लॅब 6 जानेवारीला भरला. टेके आठव्या दिवशी काढले. बीम-ते-बीम अंतर 4.2 मीटर आहे आणि साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके सात दिवसांनी काढायला आयएस 456 ची परवानगी आहे. म्हणजे आर्किटेक्टसाहेबांचा आरोपी सुटला. क्यूबचे 28 दिवसांचे निकाल एम 25 ला पुरून उरतात. ठेकेदारानं क्यूब वेगळ्या मालाचे भरले असतील ही शंका मालकांनी बोलून दाखवली. शंका रास्त आहे, म्हणून कोअर काढायला सांगितलेत.

पाणी मारल्याची नोंद चार दिवसांची आहे. सिमेंट पीपीसी, म्हणजे किमान दहा दिवस हवं होतं. हा दोष खरा. पण खरा दोष सापडला की तेच कारण, असं धरून चालत नाही. अहवाल इथेच बिघडतात. पहिली चूक हाती लागली की लिहिणारा तिथेच थांबतो.

भाराचा इतिहासही लिहून काढला. वरचा स्लॅब 5 फेब्रुवारीला भरला, तेव्हा त्याचे टेके याच स्लॅबवर उभे होते. ते 14 तारखेला निघाले. 20 तारखेला ब्लॉक आले आणि दोन ठिकाणी थप्प्या लागल्या. भेगा मालकांच्या नजरेला 26 ला आल्या.

5 मार्च

कव्हर मीटर घेऊन गेलो. सोबत माझी सहकारी. तिला यंत्राचा आवाज ऐकत चालायला आवडतं, मला आकडे लिहायला.

रचना सोपी आहे. लांबीत सहा गाळे, आणि मधोमध एक आडवा बीम, त्यामुळे उत्तर भाग आणि दक्षिण भाग असे दोन. स्लॅब 150 मिमी जाडीचा. गाळ्यांमधल्या प्रत्येक बीमवर स्लॅब वरच्या बाजूनं ताणला जातो, म्हणून तिथे वर 10 मिमीच्या सळया, 150 मिमी अंतरावर. त्यांच्यावर काँक्रीटचं कव्हर 20 मिमी असावं असं ड्रॉइंग सांगतं.

उत्तरेला यंत्र 25, 31, 28, 36 असं सांगत गेलं. दक्षिणेला पहिला आकडा 58. यंत्र चुकलं म्हणून पुन्हा लावलं. 58. पुढे 64, 71, 66. भेग जिथे 0.9 होती तिथे 68.

यंत्राच्या आकड्यावर अहवाल लिहीत नाही. दोन थरांच्या सळया असल्या की ते फसू शकतं. गवंड्याला बोलावून तीन जागी हातभर लांबीची खाच मारायला लावली. छिन्नी वीस मिमी खाली गेली, चाळीस गेली, काँक्रीटच काँक्रीट. गवंडी मध्येच थांबून म्हणाला, "साहेब, हितं सळई टाकलीच न्हाय वाटतं." अजून थोडं खोल गेल्यावर छिन्नीचा आवाज बदलला. सळई होती, संख्येनं बरोबर, जाडीनं बरोबर. टेप लावली: वरच्या पृष्ठभागापासून 67 मिमी. म्हणजे वरची जाळी दबून खाली गेली होती.

खाचेत भेगेचं तोंडही दिसलं. वर रुंद, खाली निमुळती होत सळईपाशी बारीक झालेली, आणि वाटेत खडीचे दोन तुकडे मधोमध फुटलेले. भेग काँक्रीट ओलं असताना पडली असती तर ती खडीला वळसा घालून गेली असती. फुटलेली खडी म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर, ताणानं पडलेली भेग. ठेकेदारांना ते तुकडे हातात दिले. ते बराच वेळ बघत राहिले.

6 मार्च

घरी बसून हिशेब. आकडे थोडेच आहेत, पण अहवालाचा कणा तेच.

सळईची ताकद नुसत्या तिच्या वजनावर नाही, स्लॅबच्या खालच्या पृष्ठभागापासून ती किती उंच आहे यावरही ठरते. ड्रॉइंगप्रमाणे ही उंची, म्हणजे इफेक्टिव्ह डेप्थ, 125 मिमी. कव्हर 65 धरलं तर उरते 80. आयएस 456 या बाबतीत 200 मिमीपर्यंतच्या डेप्थला अधिक-उणे 10 मिमीची सूट देतं. इथे 45 गेले.

पहिल्या मधल्या बीमवर, पूर्ण भार आणि सुरक्षेचे गुणक धरून, स्लॅबच्या एक मीटर रुंदीला सुमारे 22 किलोन्यूटन-मीटर मोमेंट पेलता आला पाहिजे. सळई जागेवर असती तर स्लॅबनं 26 पेलला असता. दबलेल्या सळईनं तो जेमतेम 16 पेलतो. एकही सळई न चोरता, सिमेंटची एकही गोणी न वाचवता, चाळीस टक्के ताकद गेली.

दक्षिणेच्या छतावरच्या त्या मधल्या केसरेषा आता समजल्या. बीमवर स्लॅब ढिला पडला की भार मध्याकडे सरकतो आणि तळाच्या सळयांवर जास्त ताण येतो. ठेकेदारांचे ओळखीचे एक इंजिनिअर फोनवर नेमकं हेच त्यांच्या बाजूनं मांडत होते: मोमेंट मध्याकडे जातोच, मग काळजी कसली? स्लॅब कोसळणार नाही एवढ्यापुरता मुद्दा ठीक आहे. पण तो मोमेंट तिकडे सरकायला वरची भेग उघडावी लागते. भेगेचं बिल चुकवूनच तो हिशेब जमतो.

9 मार्च

कोअरचे निकाल आले. एम 25 साठी कोअरची सरासरी 85 टक्के, म्हणजे 21.25 च्या वर हवी आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली नको. तिन्ही आरामात वर आहेत. सिमेंट निर्दोष. मालकांना हे पटवायला निकाल पुरला नाही.

आज खरा प्रश्न सोडवायचा होता: दबलेली सळई, ब्लॉकची थप्पी, कमी पाणी. तिघंही हजर, तिघंही दोषी. कारण कोणतं आणि हातभार लावणारे कोणते?

नशीब असं की उत्तर स्लॅबवरच मांडलेलं होतं. एक थप्पी दक्षिणेच्या तिसऱ्या गाळ्यात होती, दुसरी उत्तरेच्या चौथ्यात. दोन्ही सुमारे 1.2 मीटर उंच, म्हणजे चौरस मीटरला 750 ते 800 किलो. कचेरीसाठी ड्रॉइंगमध्ये धरलेला वापराचा भार 300 आणि फरशीचा 150. पाणी तर सगळीकडे सारखंच कमी मारलेलं.

मग चार जागा ताडून बघितल्या. सळई जागेवर, थप्पी नाही: भेग शोधावी लागते, 0.1 च्या आत. सळई जागेवर, थप्पी आहे: 0.2. सळई दबलेली, थप्पी नाही: 0.45. सळई दबलेली आणि वर थप्पी: 0.9.

दुसरी ओळ ठेकेदारांनी बारकाईनं वाचावी. जवळजवळ दुप्पट भार टाकूनही, पाणी कमी मारूनही, सळई जागेवर होती तिथे भेग मर्यादेत राहिली. तिसरी ओळ मालकांनी वाचावी. थप्पी नव्हती, फक्त वरच्या स्लॅबचे टेके काही दिवस उभे होते, तेही इमारतीत होतच असतं, तरी भेग मर्यादेबाहेर गेली. "हे नसतं तर नको ती भेग पडली असती का?" हा प्रश्न थप्पीला विचारला तर उत्तर येतं, हो, फक्त निम्म्या रुंदीची. सळईला विचारला तर उत्तर येतं, नाही.

म्हणून वहीत लिहिलं: कारण, वरची सळई जागेवरून 40 ते 50 मिमी खाली. हातभार, ब्लॉकची थप्पी, मोठा. हातभार, अपुरं पाणी, लहान. तो सगळीकडे सारखा असल्यामुळे उत्तर-दक्षिण फरक त्याच्यानं सांगता येत नाही. संबंध नाही: सिमेंट, टेके काढण्याची तारीख. हा शेवटचा रकाना अहवालात मुद्दाम ठेवतो. ज्याच्यावर संशय होता त्याला लेखी मोकळं केलं नाही तर तोच वाद पुढे वर्षभर चालतो.

12 मार्च

सळई खाली गेली हे कळलं. का गेली?

साइट इंजिनिअर तरुण आहे. त्यानं पोअर कार्ड पुढे केलं: स्लॅब भरण्याआधी वरच्या सळईचं कव्हर तपासलेलं, सही, वेळ सकाळी साडेसात. मी त्याला म्हटलं, "अहो, तुमची सही खोटी नाही. साडेसातला सळई जागेवरच होती."

मग त्याच्या मोबाइलमधले त्या दिवशीचे फोटो बघितले. दहा वाजताच्या फोटोत काँक्रीट पंपाची लोखंडी पाइपलाइन दक्षिण भागातून, थेट वरच्या जाळीवरून गेलेली. पंपाच्या प्रत्येक धक्क्याला ती हलते. तिच्या बाजूनं माणसांची ये-जा, सळयांवर पाय देत. फळ्या कुठेही नाहीत. उत्तरेला रबरी होज वळवून माल टाकलेला, तिकडे वावर कमी. दबलेल्या सळयांचा पट्टा आणि त्या पाइपलाइनची वाट एकमेकांवर ठेवली तर तंतोतंत जुळतात.

वरची जाळी हवेत राहते ती चेअरवर, म्हणजे वाकवलेल्या सळईच्या घोड्यांवर. मीटरभर अंतरावर एक तरी हवा. फोटोत एका गाळ्यात मला दोन दिसल्या. फिटरच्या मुकादमाला विचारलं तर तो सरळ बोलला, "साहेब, चेअर शेड्यूलमध्ये न्हाई. आमचं बिल टनावर, शेड्यूलच्या वजनावर. चेअर बांधायला अर्धा दिवस जातो, त्येचं पैसं कोण देणार?" शेड्यूल आमच्यासारख्याच एका कन्सल्टंटच्या कचेरीतून आलेलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "चेअर द्याव्यात" अशी टीप आहे, जाडी नाही, अंतर नाही, वजन नाही. ठेकेदारांनी टीप वाचली, भाव धरला नाही. इंजिनिअरनं कार्डावरचा रकाना भरला, पण कार्डात भरणं सुरू असतानाची तपासणीच नाही.

मूळ कारण म्हणून अहवालात एकाचं नाव घालता येईना, आणि घालायचंही नाही. वाक्य असं केलं: वरची सळई माणसांच्या वजनाखाली जागेवर टिकेल अशी टेकणी प्रमाणात आणि दरात ठरवली गेली नव्हती, आणि काँक्रीट भरत असताना तिची उंची कोणी तपासत नव्हतं. मालकांना हे वाक्य मिळमिळीत वाटलं. त्यांना नाव हवं होतं. पण नाव लिहिलं असतं तर तो माणूस बदलून पुढचा स्लॅब असाच भरला असता.

13 मार्च

हा दिवस अहवालात नव्हता, पण मूळ कारण तेच असेल तर दुसऱ्या स्लॅबमध्येही ते असायला हवं. तो भरताना पाइपलाइन पश्चिमेच्या दोन गाळ्यांवरून गेली होती. कव्हर मीटर लावला. तिथे 55 ते 62. भेग मात्र एकही नाही, कारण त्याच्यावर अजून भारच आलेला नाही. मालक म्हणाले, भेग नाही तर दुरुस्ती कशाला? दुरुस्ती भेगेची नसते, हे त्यांना हिशेबाचा तो 26 आणि 16 चा कागद दाखवूनच समजलं. ते दोन गाळेही यादीत घेतले.

16 मार्च

दुरुस्तीचे दोन विक्रेते येऊन गेले. एकाचा उपाय, भेगांत इपॉक्सी भरा, सगळं पहिल्यासारखं. इपॉक्सी भेग चिकटवते, पाणी आत जाऊ देत नाही, ती हवीच. पण सळई 67 मिमीवर आहे ती 67 वरच राहते. पुन्हा भार आला की चिकटवलेल्या जागेच्या शेजारी नवी भेग. दुसऱ्याचा उपाय, छताला खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या. महाग, देखणा, आणि इथे निरुपयोगी. बीमवर ताण वरच्या बाजूला आहे, खाली नाही.

गेलेली गोष्ट म्हणजे सळईची उंची. उपायानं तीच परत द्यायला हवी. ठरवलं ते असं: बीमला काटकोनात, स्लॅबच्या वरून 25 मिमी रुंद, 25 मिमी खोल खाचा, 300 मिमी अंतरावर, प्रत्येकीत 10 मिमीची सळई, बीमच्या दोन्ही बाजूंना सव्वा मीटरपेक्षा जास्त जाईल एवढी, आणि स्ट्रक्चरल इपॉक्सीनं बसवलेली. मूळ सळई खोल गेल्यामुळेच खाच कापायला वर जागा मिळाली, चाक तिला लागण्याची भीती नाही. नव्या सळया जवळजवळ 137 मिमी उंचीवर बसतात, त्यामुळे कमी लोखंडात भरपाई होते. 22 ला जे 6 कमी पडत होते, त्याच्या दुपटीहून जास्त मिळतं.

एक मर्यादा लिहून ठेवली. इपॉक्सी आगीत लवकर मऊ पडते. खाचांवर फरशीखालचा थर आणि फरशी येणार असल्यामुळे इथे आडोसा आहे. उघड्या स्लॅबवर हाच उपाय मी सुचवला नसता.

क्रमही महत्त्वाचा. आधी थप्प्या हलवायच्या, मग खालून टेके लावून जॅकनं स्लॅब हलकासा उचलून धरायचा, मग भेगांत इपॉक्सी, मग खाचा. टेके न लावता नवी सळई बसवली तर ती फक्त पुढच्या भाराला उपयोगी पडते, आधीचा भार जुन्या दबलेल्या सळईवरच राहतो.

28 मार्च

धुळवडीमुळे मजूर दोन दिवस गायब. खाचा आज पुऱ्या झाल्या. इपॉक्सी भरण्याआधी खाच हवेनं साफ करून घेतली का, हे स्वतः बोट फिरवून बघितलं. दोन खाचांत धूळ होती, पुन्हा साफ करायला लावल्या. बाकी विशेष नाही.

20 एप्रिल

लोड टेस्ट. आयएस 456 प्रमाणे पूर्ण स्थिर भार आणि वापराच्या भाराच्या सव्वापट. फरशी अजून नाही, म्हणून तिचे 150 वाळूच्या पोत्यांतच धरले: एकूण चौरस मीटरला 525 किलो. दक्षिणेचा तिसरा आणि चौथा, असे लागून दोन गाळे, चोवीस तास. खाली डायल गेज.

चोवीस तासांनी वाकणं 2.8 मिमी. सूत्र 40 l²/D नं, l मीटरमध्ये आणि D मिमीमध्ये धरून, मर्यादा 4.7 येते, तिच्या आत वाकणं राहिलं तर परत किती उचललं गेलं ते बघण्याचीही गरज नसते. तरी बघितलं. पोती काढल्यावर जवळजवळ सगळं परत आलं. बीमच्या कडेला नवी भेग नाही.

4 मे

तिसरा स्लॅब भरला. बिलात चेअरचा वेगळा रकाना आला आहे, किलोवर. मुकादमानं त्या पैशात तक्रार न करता मीटरभरावर एक बांधली. पाइपलाइन जुन्या टायरांवर, चालायला फळ्या. साइट इंजिनिअर दिवसभर खुणेची कांडी घेऊन ओल्या काँक्रीटमध्ये कव्हर तपासत होता.

17 मे

तिसऱ्या स्लॅबवर कव्हर मीटर फिरवला. बीमवरच्या सळयांचं कमीत कमी कव्हर 20, जास्तीत जास्त 28. अहवालाला हे पान जोडून फाइल मालकांकडे दिली.